तीन अक्षरी कोडी उलट्या बाजूने कशी सोडवावीत?

वेलांटी

नमस्कार. मुलांच्या मासिकांत आणि दिवाळी अंकांच्या कोपऱ्यांत "पहिले अक्षर काढले तर हे, मधले काढले तर ते" अशा धर्तीची जी कोडी असतात, त्यांच्याविषयी हा धागा काढत आहे. उत्तर एकाच शब्दाचे असते आणि ते एकदा कळले की सगळे सोपे वाटते. माझा प्रश्न असा आहे की उत्तर सुचण्याची वाट न पाहता, कोड्यातल्या शब्दखेळावरूनच मागे मागे जात उत्तरापर्यंत पोहोचण्याची काही पद्धत आहे का? नमुन्यासाठी आमच्या वाचनकट्ट्यावर गेल्या आठवड्यात फळ्यावर लिहिलेले हे कोडे देते. उत्तर अजून जाहीर झालेले नाही.

तीन अक्षरांची मी, उन्हाळ्यात पानात साजते;
पहिले अक्षर जाता माझे, दारावर मी वाजते;
मधले अक्षर जाता माझे, घासताक्षणी पेटते;
शेवटचे अक्षर जाता माझे, पिंडापाशी भेटते.

कृपया नुसते उत्तर देऊ नका, ते कसे काढले तेही सांगा.

आजीचा_गोतावळा

फार चांगला विषय. आमच्या आजीकडे अशा कोड्यांचा साठाच होता. "कोकणातून आला भट, धर की आपट" म्हणजे नारळ, "बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे" म्हणजे दात आणि जीभ, "सूपभर लाह्या, त्यात एक रुपया" म्हणजे चांदण्या आणि चंद्र. यांचीही उत्तरे एकेका शब्दाची किंवा जोडीची आहेत. ही कोडी सोडवायची तर डोळ्यांसमोर चित्र उभे करावे लागते. दुसरी कोणतीही युक्ती मला माहीत नाही.

माणदेशी

वेलांटीताई, मी प्रयत्न करतो. ज्या ओळीबद्दल शंकाच नाही ती ओळ आधी धरावी, असे मला वाटते. घासताक्षणी पेटते ती काडी, यात दुमत होणार नाही. दारावर वाजते ती बेल. पिंडीपाशी काय असते, तर तिथेही बेलच असतो. म्हणजे कोडे रचणाऱ्याने "बेल" या शब्दाच्या दोन अर्थांवर श्लेष साधलेला दिसतो. आता बेल आणि काडी यांना जोडणारा, पानात वाढला जाणारा तीन अक्षरी पदार्थ शोधायचा उरला. तो मात्र मला सापडत नाही.

अक्षरमाळ

माणदेशी, तुमची सुरुवात अगदी योग्य आहे आणि "काडी" पक्की आहे. "बेल" मात्र दोन्ही ठिकाणी बसू शकत नाही, आणि हे उत्तर माहीत नसतानाही सिद्ध करता येते. वेलांटी यांना हवी असलेली पद्धत नेमकी तिथूनच सुरू होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शब्दाची तीन अक्षरे क्रमाने एक, दोन, तीन अशी धरा. पहिले काढले की दोन-तीन उरतात, मधले काढले की एक-तीन आणि शेवटचे काढले की एक-दोन. म्हणजे कोड्यात जे तीन छोटे शब्द लपलेले आहेत, त्यांत मूळ शब्दाचे प्रत्येक अक्षर बरोबर दोनदा येते. यावरून तीन बंधने मिळतात. पहिल्या आणि दुसऱ्या छोट्या शब्दाचे शेवटचे अक्षर सारखे असलेच पाहिजे. दुसऱ्या आणि तिसऱ्या छोट्या शब्दाचे पहिले अक्षर सारखे असले पाहिजे. आणि पहिल्या छोट्या शब्दाचे पहिले अक्षर हेच तिसऱ्याचे शेवटचे अक्षर असले पाहिजे.

आता पहिला छोटा शब्द "बेल" धरला तर मूळ शब्दाचे मधले अक्षर "बे" ठरते. तिसरा छोटा शब्दही "बेल" धरला तर मधले अक्षर "ल" ठरते. एकाच जागी दोन अक्षरे बसत नाहीत, तेव्हा हा तर्क इथेच सोडून द्यावा लागतो.

काडीपासून निघू. काडी म्हणजे एक-तीन, म्हणून पहिले अक्षर "का" आणि शेवटचे "डी". आता दारावर वाजणाऱ्या दोन अक्षरी गोष्टी आठवा: बेल, थाप, घंटा, कडी. यांपैकी "डी" ने संपणारी एकच आहे. कडी वाजवणे हा आपला नेहमीचा वाक्प्रचारही आहे. म्हणून मधले अक्षर "क", आणि शब्द झाला काकडी. उन्हाळ्यात पानात ती साजतेच.

तिसरा छोटा शब्द आता शोधावा लागत नाही, तो आपोआप हातात येतो: काक. इथे माणदेशी यांनी "पिंडापाशी" हा शब्द "पिंडीपाशी" असा वाचला. शंकराची ती पिंडी, तिचे रूप पिंडीपाशी. श्राद्धाचा तो पिंड, त्याचे रूप पिंडापाशी. एका मात्रेचा फरक आहे, पण अशा कोड्यांत रचणारा तेवढ्यावरच भिस्त ठेवतो. पिंडापाशी भेटणारा तो कावळा, आणि दोन अक्षरांत बसवायचा तर काक.

वेलांटी

फारच सुरेख उलगडा. चौथ्या ओळीत मी अडले होते ते वेगळ्याच कारणाने. "भेटते" असे क्रियापद असल्यामुळे मी पिंडाजवळची स्त्रीलिंगी वस्तू शोधत होते: दर्भाची अंगठी, पळी, पत्रावळ. काक पुल्लिंगी आहे, मग तिथे "भेटतो" असायला नको होते का?

अक्षरमाळ

हा मुद्दा महत्त्वाचा आहे. या कोड्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत "मी" बोलते आहे, आणि ती "मी" म्हणजे काकडी. म्हणून चारही क्रियापदे काकडीच्या लिंगाने चालतात, छोट्या शब्दांच्या लिंगाने नाही. उलट कोडे तिसऱ्या पुरुषात असेल, म्हणजे "शेवटचे अक्षर काढले तर पिंडाला शिवतो" असे, तर क्रियापद त्या छोट्या शब्दाचे लिंग उघड करते. तेव्हा कोडे हातात आले की आधी कोण बोलते आहे ते पाहावे. "मी" बोलत असेल तर मुख्य उत्तराचे लिंग फुकट मिळते आणि छोट्या शब्दांविषयी काहीच कळत नाही. तिसरा पुरुष असेल तर याच्या उलट. "तीन अक्षरांची मी" हे कळताच पुल्लिंगी उत्तरे एका झटक्यात बाद होतात, ही काही लहान सोय नव्हे.

आजीचा_गोतावळा, तुमची कोडी उत्तमच आहेत, पण त्यांचा खेळ वस्तूच्या रूपाशी आहे. नारळाला भट म्हटले ते शेंडीमुळे. "नारळ" या शब्दातल्या अक्षरांशी त्याला काही देणेघेणे नाही. तिथे मागे जाण्याचा रस्ता चित्रातूनच जातो, हे तुमचे म्हणणे खरे आहे. या धाग्यातला रस्ता अक्षरांतून जातो.

आगरकन्या

मी रत्नागिरी जिल्ह्यातली. आमच्याकडच्या एका वार्षिकासाठी मी दर वर्षी अशी कोडी रचते, म्हणून रचणाऱ्याच्या बाजूने लिहिते. अक्षरमाळ यांनी सांगितलेली बंधने सोडवणाऱ्याला मदत करतात, पण प्रत्येक ओळीचे वजन सारखे नसते. काही शेपट्या मराठीत इतक्या शब्दांना लागतात की त्यांच्यावरून काहीच ठरत नाही. "गर" हा त्यांतला एक. पहिले अक्षर काढल्यावर "गर" उरतो असे शब्द पाहा: नगर, सागर, आगर, मगर, जागर, घागर. कोणी "पहिले अक्षर गेले तर बेलफळात सापडतो" असे म्हटले की या सगळ्यांचे दार उघडे राहते.

एकदा मी असे लिहिले होते: "समुद्राशी माझे नाते, पहिले अक्षर गेले तर फळात सापडतो, शेवटचे गेले तर लाकडाशी गाठ." माझ्या मनात सागर होता, शेवटचे अक्षर गेले की साग. एका वाचकाने "आगर" असे उत्तर पाठवले. नारळी-पोफळीचे आगर समुद्रालगतच असते, मिठागरही तिथेच असते. पहिले अक्षर गेले की गर, आणि शेवटचे गेले की आग, जिची लाकडाशी गाठ सागापेक्षाही पक्की आहे. ते उत्तर मला मान्य करावे लागले.

यावर उपाय एकच होता: मी गाळलेली मधल्या अक्षराची ओळ. सागरातले मधले अक्षर काढले की सार उरते, जे भातावर वाढतात; आगरातले काढले की आर उरते, जी पराणीच्या टोकाला असते आणि बैलाला टोचते. या दोन गोष्टींची गल्लत होणे शक्यच नाही. गर आणि लाकूड यांनी जिथे दोन उत्तरे उभी केली, तिथे सार ही एकच ओळ निकाल लावते.

माणदेशी

म्हणजे मधली ओळच नेहमी सर्वांत महत्त्वाची, असा नियम करावा का?

आगरकन्या

नियम असा नाही करता येणार. काकडीच्या कोड्यात मधली ओळ नेमकी होती, कारण घासताक्षणी पेटणारी गोष्ट काडीच. पण मधली ओळ काढून टाकून "दारावर वाजते" एवढ्यावरच राहिलात तर काकडी, वाकडी, टेकडी, तुकडी, लाकडी हे सगळे समोर येतात. त्यातली वाकडी तर पूर्ण कोडे होण्याजोगी आहे: कडी, वाडी, वाक. टेकडीत कडी आणि टेक मिळतात, पण मधले अक्षर काढले की शब्द मिळत नाही. म्हणून कोणती ओळ निकाल लावते हे त्या त्या शब्दावर अवलंबून आहे. सोडवणाऱ्याने एवढेच करावे की प्रत्येक ओळीला किती उत्तरे संभवतात याचा अंदाज घ्यावा आणि ज्या ओळीला सर्वांत कमी उत्तरे आहेत तिथून सुरुवात करावी.

मयूर_बंगळूर

मी संगणकावर काम करतो. उलटसुलट सारख्या वाचता येणाऱ्या शब्दांची यादी करावी म्हणून एका शब्दसूचीवर छोटा प्रोग्रॅम चालवला. "कनक", "सरस", "नमन" हे सापडले. "नवीन", "समास", "डालडा" हे मात्र सापडले नाहीत. "मध्यम"ही वगळला गेला. कारण पुढे दिसते:

```python
for s in ["नवीन", "मध्यम"]:
    print(len(s), s[::-1])
```

पहिल्या शब्दासाठी 4 आणि "नीवन" असे मिळते, दुसऱ्यासाठी 5 आणि "मय्धम". मग खरे कोणते? नवीन हा शब्द उलटा वाचला तर नवीनच राहतो, असे आपण धरायचे का?

अक्षरमाळ

होय, नवीनच. प्रोग्रॅम वेलांटीला स्वतंत्र चिन्ह मानतो, त्यामुळे उलटताना ती "व" ची सुटून "न" ला जाऊन चिकटली. आपली कोडी अक्षर मोजतात, आणि अक्षर म्हणजे स्वरासकट पूर्ण उच्चार: न, वी, न. जोडाक्षरही एकच: म, ध्य, म. म्हणून रवा उलटला की वार होतो, तवा उलटला की वात, वडा उलटला की डाव, मका उलटला की काम. काना ज्याचा त्याच्याबरोबर जातो. तुमच्या सूचीतला प्रत्येक शब्द आधी अशा पूर्ण अक्षरांत फोडा आणि मग ती अक्षरे उलट्या क्रमाने लावा, म्हणजे वगळलेले शब्द परत येतील.

शाळा_रविवारची

आमच्या परदेशातल्या रविवारच्या मराठी शाळेत हाच अनुभव येतो. मुलांना "काकडी तीन अक्षरी" हे पटायला वेळ लागतो, कारण ती रोमन लिपीतली अक्षरे मोजतात. मी त्यांना शब्द टाळ्या वाजवत म्हणायला लावते. जितक्या टाळ्या तितकी अक्षरे. काकडीला तीन टाळ्या पडतात, नगरला मात्र काही मुले दोनच टाळ्या वाजवतात, कारण बोलताना शेवटचा "र" आखूड होतो. याला काय करावे? शिवाय अनुस्वाराचे काय? "संगत" या शब्दात अनुस्वार अर्धे अक्षर म्हणून वेगळा मोजायचा का?

माणदेशी

अनुस्वार म्हणजे उच्चारात अर्धा ङ किंवा अर्धा न असतो, तेव्हा तो पुढच्या अक्षराला जोडलेला मानावा असे मला वाटते. मग अक्षरे स आणि ङ्ग आणि त अशी होतील.

अक्षरमाळ

आखूड "र" चा प्रश्न टाळीने सुटणार नाही, कारण टाळी बोलण्यावर पडते आणि ही कोडी लिहिलेल्या शब्दावर रचलेली असतात. मुलांना शब्द फळ्यावर लिहून प्रत्येक अक्षराभोवती चौकट आखायला सांगा. नगरला तीन चौकटी होतात. एकेक चौकट झाकली की गर, नर, नग असे तीन शब्द पुरे दिसतात. झाकण्याची कृती डोळ्यांसमोर झाली की टाळ्यांची गरज उरत नाही.

अनुस्वाराबद्दल माणदेशी उच्चारापुरते बरोबर आहेत, पण कोड्यात तो ज्या अक्षराच्या डोक्यावर आहे त्याच अक्षराचा धरला जातो. "संगत" हेच उत्तम उदाहरण आहे. सं, ग, त. पहिले गेले की गत. मधले गेले की संत. शेवटचे गेले की संग. तिन्ही शब्द चोख मिळतात ते अनुस्वार "स" वर राहतो म्हणूनच. तो "ग" बरोबर गेला असता तर मधले अक्षर काढल्यावर "सत" उरला असता आणि कोडे मोडले असते.

माणदेशी

पण मग "संग" मधला अनुस्वार एका तऱ्हेने उच्चारला जातो आणि "संत" मधला दुसऱ्या तऱ्हेने. ऐकणाऱ्याला हे कोडे तोंडी घातले तर त्याने उत्तर कसे ओळखावे? कोडी तर मुळात तोंडीच घातली जात.

अक्षरमाळ

तोंडी घातले तर तेवढी अडचण राहते, हे कबूल. माझ्या मते अक्षरे काढण्याची कोडी लिहित्या-वाचत्या माणसांसाठीच आहेत आणि त्यांचा निवाडा कागदावर व्हावा. तुम्हाला ते पटत नसेल तर मी आग्रह धरणार नाही.

वेलांटी

मी या सगळ्यावरून स्वतः एक कोडे रचले आहे. आधी शब्द निवडला, मग त्याची एकेक चौकट झाकून पाहिली आणि जे उरले त्याचे वर्णन केले.

शेतात फुटतो, पांढरा शुभ्र;
पहिले गेले तर फरशी ओली पाहून आई जे सांगते ते;
मधले गेले तर साताऱ्याजवळ फुलांचे पठार;
शेवटचे गेले तर पुढ्यात केक ठेवल्यावर मूल जे विचारते ते.

आगरकन्या

कापूस. मी तिसऱ्या ओळीपासून सुरुवात केली: साताऱ्याजवळचे फुलांचे पठार म्हणजे कास, म्हणून पहिले अक्षर का आणि शेवटचे स. उरलेल्या जागी पू बसला की पूस आणि कापू दोन्ही जुळतात. शब्दाची निवड फार चांगली आहे, कारण पू इथे तिन्ही ठिकाणी दीर्घ आहे. कापूस आणि पूस हे शेवटी अकार असलेले शब्द, त्यामुळे त्यांतला शेवटून दुसरा उकार दीर्घ. कापू मध्ये तोच उकार शेवटी आला, तिथेही तो दीर्घच. रचणाऱ्याला ही जागा नेहमी सांभाळावी लागते. "बाहुली" घेतली आणि शेवटचे अक्षर काढून "बाहू" मिळाला असे म्हटले, तर बाहुलीतला हु ऱ्हस्व आहे आणि बाहूतला दीर्घ. 1962 च्या शुद्धलेखन नियमांप्रमाणे लिहिणाऱ्याला ते खटकणारच. मी असे शब्द वापरत नाही. शब्दाच्या शेवटी आ किंवा ई असेल आणि मधे इकार किंवा उकार असेल, तर शेवटचे अक्षर काढण्याची ओळ लिहिण्याआधी थांबून पाहते.

माझी हरकत दुसरीच आहे. पूस आणि कापू ही क्रियापदांची रूपे आहेत. मी वार्षिकात शक्यतो नामेच स्वीकारते, कारण क्रियापदांची रूपे मोकळी सोडली तर जवळजवळ कोणताही शब्द कोडे होऊ शकतो.

शाळा_रविवारची

मला उलट वाटते. आमच्या मुलांना काक, नग, आर हे शब्द माहीत नसतात, पण "पूस" आणि "कापू" रोज कानांवर पडतात. वेलांटी यांचे कोडे मी येत्या वर्गात घेणार आहे, काकडीचे कोडे त्यांना झेपणार नाही.

अक्षरमाळ

दोघींचे म्हणणे आपापल्या वाचकांपुरते बरोबर आहे. मी एवढीच अट घालेन की क्रियापदाचे रूप घेतले तर वर्णनात ते कोण म्हणते हे वेलांटी यांच्यासारखे स्पष्ट असावे. "आई सांगते" म्हटले की आज्ञार्थ शोधायचा हे कळते, "मूल विचारते" म्हटले की प्रश्न शोधायचा हे कळते. नुसते "एक क्रिया" असे लिहिणे मला सोडवणाऱ्यावर अन्याय वाटतो.

आजीचा_गोतावळा

आता मला फरक समजला. मी एक करून पाहिले, तपासून द्यावे. "आभाळातून येतो, पहिले गेले तर गुऱ्हाळात जातो, मधले गेले तर प्रवासाला उपयोगी पडतो." उत्तर पाऊस आहे, ऊस आणि पास. शेवटचे अक्षर काढल्यावर "पाऊ" उरते, त्याचा शब्द होत नाही, म्हणून ती ओळ घातली नाही.

अक्षरमाळ

ती ओळ न घालण्याचा निर्णय योग्य आहे. दोन ओळी पुरतात, कारण ऊस आणि पास मिळाले की तिन्ही अक्षरे ठरतात आणि शेवटचा "स" दोघांत सारखा आहे ही पडताळणीही होते. फक्त दुसरी ओळ थोडी घट्ट करा. प्रवासाला बस, गाडी, पास, नाव असे बरेच काही उपयोगी पडते, आणि त्यातली "बस" सुद्धा "स" नेच संपते. ती धरली तर मूळ शब्द "बऊस" होतो आणि सोडवणारा विनाकारण तिथे रेंगाळतो. "महिन्याचा काढला की रोज तिकीट लागत नाही" असे लिहिले तर बस आपोआप बाजूला होईल.